दोलोमितीतल्या पाट्या आणि हवामानाचे इशारे मराठीत आणताना

प्रश्न: जुलैमध्ये आमचा पुण्याचा १६ जणांचा गट इटलीतल्या दोलोमिती डोंगरांत जातोय. त्रे चीमे दी लावारेदो या तीन सुळक्यांची प्रदक्षिणा करायची आहे. निम्मे जण साठीच्या पुढचे आहेत, इंग्रजी जेमतेम, इटालियन कुणालाच नाही. मी शब्दकोश घेऊन वाटेवरच्या पाट्यांची आणि हवामानाच्या शब्दांची मराठी यादी केली आहे. ती छापून सगळ्यांना वाटली तर पुरेल का? काय चुकू शकतं?

उत्तर:

यादी पाठवलीत ते बरं केलंत. शब्दार्थ जवळजवळ सगळे बरोबर आहेत आणि तरीही मी ती या रूपात छापणार नाही. मी गेली काही वर्षं उत्तर इटलीत राहते आणि पाहुण्यांसाठी असली भाषांतरं करते. माझ्या पाहण्यातले घोटाळे अवघड शब्दांमुळे फारसे झालेले नाहीत. सोपा शब्द, अचूक शब्दार्थ आणि तो मराठीत वाचून भलतीकडेच गेलेला माणूस, असं बहुतेक वेळा घडतं. तुमच्या यादीतल्या काही ओळी याच जातीच्या आहेत, तेवढ्यांबद्दलच लिहिते.

आधी एक छपाईची सूचना. इथे मी इटालियन शब्द देवनागरीत लिहिते आहे, पण तुमच्या कागदावर ते पाटीवर असतात तसेच, मूळ रोमन अक्षरांत हवेत. आपली माणसं पाटी वाचणार नाहीत, अक्षरांचा आकार जुळवून बघणार आहेत. देवनागरी उच्चार खाली बारीक अक्षरांत द्या, कुणाला तोंडी विचारायची वेळ आली तर उपयोगी पडतो.

सेंतिएरो आत्त्रेत्सातो

तुम्ही याचा अर्थ 'सुसज्ज वाट' दिला आहे. मीही माझ्या पहिल्या कामात अगदी हाच शब्द वापरला होता. एका सहल कंपनीसाठी माहितीपत्रक केलं, कुणाला काही खटकलं नाही, छापून गेलं. पुढे एक कुटुंब ते वाचून दहा-अकरा वर्षांच्या मुलाला सँडलवर घेऊन अशा वाटेला लागलं. 'सुसज्ज' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सर्व सोयींनी सुसज्ज फ्लॅट. त्यांना वाटलं, बाकं असतील, कठडे असतील, चहाची टपरी असेल. पाऊण तासाने समोर उभा कातळ आला आणि त्यावर ठोकलेली पोलादी तार. सुदैवाने बाई शहाण्या निघाल्या आणि तिथूनच मागे फिरल्या. शिव्या मात्र मला बसल्या आणि त्या रास्त होत्या.

वाट 'आत्त्रेत्साता' आहे याचा अर्थ ती इतकी अवघड आहे की तिच्यावर तारा, खुंट्या, शिड्या बसवाव्या लागल्या. शब्द सोयीचा वाटतो, पण तो धोक्याचा आहे. मराठीत मी आता 'तारेला धरून चढायची कड्याची वाट' असं लिहिते. लांबलचक आहे, पण वाचणारा थबकतो, आणि पाटीपाशी तेवढंच हवं असतं.

तुमच्या बेतात ही पाटी येणारच आहे. रिफूजो आउरोन्झो या डोंगरातल्या खानावळ-धर्मशाळेपासून (२३२० मीटर) १०१ नंबरच्या वाटेने निघालात की रिफूजो लावारेदोपर्यंत रुंद सपाट रस्ता आहे. पुढे फोर्चेल्ला लावारेदो ही खिंड (२४५४ मीटर) आणि मग रिफूजो लोकातेल्ली. इथपर्यंत साठीच्या माणसांना दमाने जमण्यासारखं आहे. पण लोकातेल्लीपाशीच मोंते पातेर्नोकडे (२७४४ मीटर) जाणारी वाट फुटते. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी कातळात खोदलेल्या बोगद्यांतून आणि तारांवरून ती वर जाते. हेल्मेट, बॅटरी आणि तारेला अडकवायचं साहित्य लागतं. पाटी इतर पाट्यांसारखीच दिसते, बाण तसाच, रंग तसेच. 'बोगदे बघून येऊ' म्हणून दोघं-तिघं तिकडे वळतील हे मी आत्ताच सांगून ठेवते.

याला लागूनच श्रेणीची अक्षरं. इटालियन आल्पाइन क्लबच्या पद्धतीत वाटांना टी, ई, ईई आणि ईईए अशा श्रेणी असतात. पाटीवर नसल्या तरी नकाशात आणि माहितीत त्या सापडतात. ईई म्हणजे 'एस्कुर्सिओनिस्ती एस्पेर्ती'. तुम्ही 'तज्ज्ञांसाठी' लिहिलंय. आपल्याकडे तज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, प्राध्यापक. त्यामुळे शंभर किल्ले केलेला माणूस 'मी कुठला तज्ज्ञ' म्हणून मागे राहतो आणि गटाचा फोटोग्राफर 'आपण तज्ज्ञच की' म्हणून पुढे जातो. सह्याद्रीतली उदाहरणं द्या. माझी ढोबळ जुळणी अशी: टी म्हणजे महाबळेश्वरच्या पॉइंटांकडे जाणारी रुंद पायवाट. ई म्हणजे पाचनईकडून हरिश्चंद्रगड. ईई म्हणजे नळीच्या वाटेच्या जातीचं काहीतरी, घसारा, दृष्टिभय, मधूनच हात लावून चढायचे टप्पे. ट्रेकरांच्या बोलण्यातले घसारा, घळ, खिंड, दृष्टिभय हे शब्द मुद्दाम वापरा. पाटीवर 'त्रात्तो एस्पोस्तो' असेल तर 'उघडा भाग' या शब्दार्थाने कुणालाच काही कळत नाही. 'पुढे दृष्टिभय' म्हटलं की गुडघे धरलेली मंडळी आपणहून थांबतात.

ईईएमधला शेवटचा 'ए' म्हणजे 'कोन आत्त्रेत्सातूरा'. मघाचाच शब्द, पण इथे तो वाटेबद्दल नसून माणसाबद्दल आहे: ज्याच्याकडे साहित्य आहे असा अनुभवी. कुठलं साहित्य, हे मराठीत स्पष्ट लिहावंच लागतं, कारण सह्याद्रीत रॉक पॅच केलेल्या मुलाला वाटतं, हार्नेस आहे, दोन स्लिंगा आणि कॅरॅबिनर आहेत, झालं. इथल्या उभ्या तारेवर ते चालत नाही. तार काही काही मीटरवर खुंटीला बांधलेली असते. माणूस सुटला की खालच्या खुंटीपर्यंत तीन-चार मीटर सरळ पडतो आणि एक मीटरच्या, न ताणणाऱ्या स्लिंगवर झटकन अडतो. चढाईचा दोर ताणला जाऊन झटका खातो, स्लिंग खात नाही. तो झटका कॅरॅबिनर, स्लिंग किंवा माणसाची कंबर यांपैकी कशाला तरी सोसत नाही. म्हणून व्हिया फेर्रातासाठी, म्हणजे अशा तारेच्या वाटेसाठी, झटका शोषणारी वेगळी जोडणी मिळते. तुमच्या कागदावर 'साहित्यासह' एवढंच नको. 'हेल्मेट, हार्नेस आणि झटका शोषणारी फेर्राता-जोडणी. साधी स्लिंग चालत नाही' असं पूर्ण लिहा.

बंद, मनाई आणि 'जाऊ नये'

ही अडचण इटालियनपेक्षा मराठीची जास्त आहे. तुमच्या यादीत 'दिविएतो दी त्रांझितो' आणि 'सी स्कोन्सील्या इल त्रांझितो' या दोन्हींपुढे 'जाऊ नये' आहे. पहिली कायद्याची मनाई आहे, दुसरा सल्ला. मराठीत मात्र 'ऊ नये' हे रूप दोन्ही कामं करतं. 'येथे वाहने उभी करू नयेत' ही मनाईच असते, फक्त सभ्य भाषेतली. आणि आपण तिच्याखालीच स्कूटर लावतो, हेही खरं आहे. त्यामुळे 'जाऊ नये' वाचून माणूस त्याला हवा तो अर्थ घेतो. आपल्या गडांवर 'प्रवेश निषिद्ध' ओलांडून जाण्याची सवयही सोबत असतेच.

मी दोन वेगळी वाक्यं ठरवून टाकली आहेत. मनाईला: 'वाट बंद. पुढे जाणं बेकायदेशीर.' सल्ल्याला: 'वाट उघडी आहे, पण जोखमीची, न जाणं बरं.' सल्ल्याच्या पाटीपाशी तुमच्या गटप्रमुखाने विचार करायचा, मनाईच्या पाटीपाशी विचार करायचं काम नाही.

मनाईची खरी पाटी ओळखायची खूण म्हणजे 'ओर्दिनान्त्सा' हा शब्द, पुढे क्रमांक आणि तारीख. गावच्या सिंदाकोने, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या प्रमुखाने काढलेला हा आदेश असतो, बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पाकिटात घालून खांबाला बांधलेला साधा छापील कागद. दिसायला हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीसारखा, त्यामुळे लोक लोखंडी पाटीला मान देतात आणि कागदाला देत नाहीत. प्रत्यक्षात कागदच ताजा असतो.

त्यावर शेवटी 'फीनो आ रेव्होका' असे शब्द आले तर नीट बघा. अर्थ 'मागे घेईपर्यंत'. तुमच्या यादीत हा शब्दच नाही. आदेशावर दोन-तीन वर्षांपूर्वीची तारीख असते आणि माणूस म्हणतो, जुनं आहे, काढायचं राहिलंय. पण या दोन शब्दांमुळे तो आदेश आजही लागू आहे. २०१८च्या ऑक्टोबरअखेर व्हाया नावाच्या वादळाने या भागातली जंगलंच्या जंगलं आडवी केली, तेव्हा अशा कितीतरी वाटा बंद झाल्या आणि काही पुढे दीर्घकाळ बंद राहिल्या. याउलट 'फीनो आल' आणि पुढे तारीख असेल तर त्या तारखेपर्यंतच. एका अक्षराचा फरक आहे, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी छापा.

कारण कुठलं दिलंय तेही कामाचं. 'फ्राना' म्हणजे दरड; वाटच खचलेली असू शकते. 'कादूता सास्सी' म्हणजे वरून दगड येतात. तुमचं 'दगड पडण्याचा धोका' बरोबर आहे, पण ते वाचून लोक थांबतात आणि मान वर करून दगड कुठून येतात ते शोधतात. मी स्वतः पाहिलंय, त्याच पाटीखाली पाणी प्यायला बसलेला गट. 'वरून दगड येतात, इथे थांबू नका' असं लिहा.

निवारे आणि आकडे

हे थोडक्यात. 'रिफूजो' आणि 'बिवाक्को' दोन्हींना तुम्ही 'निवारा' म्हटलंय. रिफूजोत हंगामात माणसं असतात, सूप मिळतं, झोपायला जागा मिळते. बिवाक्को म्हणजे डोंगरातली रिकामी खोली किंवा पत्र्याचा डबा: फळ्यांची बाजली असतात, जेवण नाही, बऱ्याचदा पाणीही नाही. पहिल्याला 'डोंगरातली खानावळ-धर्मशाळा' म्हटलं तरी चालेल, दुसऱ्याला 'रिकामा आसरा'. आणि रिफूजोचं नाव बदलू नका. लोकातेल्लीला जर्मनमध्ये द्राय-त्सिन्नेन-ह्यूट्टे म्हणतात. प्रदक्षिणेची ती बाजू दक्षिण टायरोलमध्ये येते, तिथे पाट्यांवर दोन्ही भाषा असतात. आपल्या माणसाला वाटतं, हे वेगळंच ठिकाण आहे, वाट चुकली. त्याला वाटेचा नंबर धरायला सांगा, १०१ जाताना, १०५ परतताना. लाल-पांढऱ्या पट्ट्यांत तो कातळांवरही रंगवलेला सापडतो.

आकड्यांत एक फसवणूक आहे. इटालियन लोक हजारानंतर टिंब देतात: २.४०५ म्हणजे दोन हजार चारशे पाच. दशांशाला स्वल्पविराम. आणि वेळेलाही टिंबच: १.४५ म्हणजे पावणेदोन तास. ही वेळ निव्वळ चालण्याची असते. थांबणं, फोटो, खाणं तीत धरलेलं नसतं. तुमच्या गटासाठी सरळ दीडपट करा.

हवामान: एक नमुना शब्द न् शब्द

तुमच्या यादीचा सगळ्यात कच्चा भाग हा आहे. 'तेंपो' समोर तुम्ही 'वेळ' लिहिलंय. पाटीवर ते बरोबर आहे, हवामानपत्रकात त्याच शब्दाचा अर्थ हवामान असतो. 'तेंपोराले' याच घरातला, पण त्याचा 'तात्पुरता'शी काही संबंध नाही, तो गडगडाटी पाऊस आहे. 'क्वोता' म्हणजे वाटा नाही, उंची.

जुलैतल्या एखाद्या दिवशी पत्रकात येतो तसा मजकूर मी नमुन्यादाखल रचून घेते. व्हेनेतो प्रांताची पर्यावरण संस्था दोलोमितीसाठी वेगळं पत्रक काढते, त्याची भाषा साधारण अशीच असते. त्याचं शब्दशः मराठी असं होईल:

'सकाळी बहुतांशी ऊन. मध्यवर्ती तासांपासून ढगांची वाढ, दुपारी विखुरलेल्या सरी व वादळे संभाव्य, स्थानिक पातळीवर तीव्र. शून्य तापमान ३.९०० मी.'

यात चूक एकही नाही. आता हे तुमच्या गटातल्या काकूंना वाचून दाखवा. त्या म्हणतील, 'ऊन आहे ना, चला.' संभाव्य, विखुरलेल्या, स्थानिक, तिन्ही शब्द मराठीत फुंकर घातल्यासारखे आहेत.

'मध्यवर्ती तास' म्हणजे 'ओरे चेंत्राली', दिवसाच्या मधले, साधारण अकरा ते तीन. 'पोमेरिज्जो'ला तुम्ही दुपार म्हटलंय. पत्रकातला पोमेरिज्जो बारा ते सहा असा असतो. आपली दुपार जेवण आणि वामकुक्षीबरोबर तीन-चारला संपते, मग संध्याकाळ लागते. 'दुपारी पाऊस' वाचून चार वाजता 'आता दुपार टळली' म्हणून पुन्हा बाहेर पडलेली माणसं मला माहीत आहेत. म्हणून प्रहराचं नाव न लिहिता तास लिहा.

नमुन्यातल्या 'संभाव्य' आणि 'विखुरलेल्या' यांच्यामागचे 'प्रोबाबिली' आणि 'स्पार्सी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला शब्द होण्याची खात्री किती ते सांगतो, दुसरा किती जागी होईल ते. 'पोस्सीबिली' म्हणजे होऊ शकेल, 'प्रोबाबिली' म्हणजे होण्याची शक्यता जास्त. तुम्ही दोन्हींना 'संभाव्य' म्हणून ही पायरीच पुसली आहे. जागेसाठी इझोलाती, स्पार्सी, दिफ्फूझी असा चढता क्रम लागतो, आणि आपल्या हवामान खात्याची मराठी त्याला बऱ्यापैकी बसते: तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बहुतांश ठिकाणी. यात एक मेख आहे. 'तुरळक' म्हटलं की आपण पाऊसच हलका समजतो. खात्याला जागा तुरळक म्हणायची असते, वाचणारा थेंब तुरळक समजतो. 'इझोलाती' वादळ तुमच्याच खिंडीवर आलं तर ते पूर्ण ताकदीचंच असतं. म्हणून 'ठिकाणी' हा शब्द कधी गाळू नका आणि 'लोकाल्मेंते इन्तेन्सी' असेल तर 'जिथे होईल तिथे जोरदार' असं लिहा.

तेंपोरालीला 'वादळ' म्हणू नका. वादळ म्हटलं की कोकणातला माणूस झाडं आणि पत्रे आठवतो, वारा आठवतो. इथे माणूस मरतो तो विजेने. खिंड, कड्याची धार, पोलादी तार या सगळ्या वीज पडायच्या जागा. म्हणून 'विजांच्या कडकडाटासह पाऊस', आणि वाक्यात 'वीज' आधी.

आदल्या रात्री गटाला तोंडी समजावताना मात्र माझ्याकडे याहून चांगला शब्द आहे: वळीव. दोलोमितीतला उन्हाळी तेंपोराले म्हणजे जवळपास आपला वैशाखातला वळीवच. सकाळ लख्ख, ऊन चढतं, जमीन तापते, अकराच्या सुमाराला डोंगरामागून कापसासारखे ढग फुगायला लागतात, दोन-तीनला एकदम गार वारा, अंधारून येतं, विजा, गारा. हे सांगितलं की 'सकाळी ऊन' आणि 'दुपारी विजा' यांत विरोध नाही, एकातूनच दुसरं येतं, हे वेगळं समजवावं लागत नाही. कागदावर मात्र वळीव लिहू नका. त्या शब्दाला मातीचा वास आहे आणि गारा वेचायला धावणारी पोरं आहेत. इथे २४०० मीटरवर गारांबरोबर तापमान काही मिनिटांत दहा-पंधरा अंशांनी उतरू शकतं आणि भिजलेला म्हातारा माणूस कुडकुडायला लागतो.

'झेरो तेर्मिको' म्हणजे वातावरणात ज्या उंचीवर तापमान शून्याला येतं ती पातळी. 'शून्य' वाचून आपली मंडळी स्वेटर बाहेर काढतात. उलट वाचायचं: आकडा मोठा तितकी वरपर्यंत उष्णता. २६०० आला तर लोकातेल्लीला पावसाऐवजी बर्फ पडू शकतो, कारण बर्फ या पातळीच्या दोन-चारशे मीटर खालीही टिकतो. ३९०० आला तर सगळी दोलोमिती शून्याच्या वर, कारण सर्वांत उंच मार्मोलादाही ३३४३ मीटरच आहे. दिवसेंदिवस असं राहिलं की कातळांच्या भेगांतला बर्फ सुटतो, दगड जास्त येतात. ३ जुलै २०२२ला मार्मोलादाच्या हिमनदीचा मोठा तुकडा तुटून ११ जण गेले, त्याच्या आदल्या दिवशी शिखरावर दहा अंशांच्या आसपास तापमान नोंदलं गेलं होतं. तुमची प्रदक्षिणा हिमनदीवरून जात नाही. तरी हा आकडा सलग काही दिवस चढा असेल तर कड्यांच्या पायथ्याशी रेंगाळू नका.

आता तोच नमुना, मी कागदावर लिहीन तसा:

'बारा ते सहा: विजांच्या कडकडाटासह पाऊस, काही ठिकाणी, शक्यता जास्त, जिथे होईल तिथे जोरदार. ढग अकरापासून जमू लागतील. त्याआधी ऊन.'

क्रम मी उलटा केला आहे, कारण वाचणारा पहिल्या वाक्यावर थांबतो. आणि याखाली, रेघ मारून, वेगळ्या शाईत गटप्रमुखाचा निर्णय: 'सातला निघायचं. अकरापर्यंत सगळे आउरोन्झोला परत.' चालणं साडेतीन-चार तासांचं असतं. तुमच्या गटाला थांबण्यासकट सहा लागतील, म्हणजे सातला निघून अकराला परत येणं जमणार नाही. अशा दिवशी पूर्ण फेरी सोडा, लावारेदो खिंडीपर्यंत जाऊन त्याच वाटेने मागे या. १०५ने परतताना वाट आधी उतरून पुन्हा चढते आणि मध्ये एक लहान हट सोडली तर आसरा नाही. रेघ मात्र पाळा. रेघेच्या वर इटालियन पत्रक काय म्हणतं ते, खाली तुम्ही काय ठरवलं ते. दोन्ही एकत्र झालं की लोक तुमच्याशी वाद घालतात आणि त्या भांडणात अंदाजही मोडीत काढतात.

पिवळा, नारिंगी, लाल

रंग आपल्याला ओळखीचे आहेत, आणि नेमकी त्यातच गफलत होते. इटलीच्या नागरी संरक्षण यंत्रणेच्या इशाऱ्यात पिवळ्या रंगाला 'ओर्दिनारिया क्रितिचिता' म्हणतात. तुमच्या यादीत 'सामान्य स्थिती' आहे. हे खोडा. 'ओर्दिनारिया' म्हणजे या भागात अधूनमधून येतो त्या प्रतीचा धोका, धोका नाही असा नव्हे. पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशी एखाद्या ओढ्याने वाट वाहून नेणं किंवा विजेने माणूस जाणं हे त्या व्याख्येत बसतं. नारिंगी 'मोदेराता', लाल 'एलेवाता'. म्हणजे मधली पायरीही मराठीत 'मध्यम' अशी निरुपद्रवी होऊन येते. विशेषणं गाळून टाका आणि फक्त रंग लिहा.

आणि हे ठळक अक्षरांत छापा: गडगडाटी पावसासाठी तिथे लाल इशारा नसतोच. तेंपोरालीचा इशारा पिवळा किंवा नारिंगी, त्यावर पायरी नाही. वादळं नेमकी कुठे फुटतील हे इतक्या खात्रीने आधी सांगता येत नाही, म्हणून. पावसाळ्यात पिवळा अलर्ट रोजच बघून आपण तो वाचेनासे झालो आहोत, शाळा बंद व्हायला लाल लागतो. त्या सवयीने लालची वाट बघत बसलेल्या माणसाला विजेच्या बाबतीत तो कधीच दिसणार नाही. तुमच्यासाठी 'तेंपोराली' शब्दासह नारिंगी म्हणजे डोंगर नाही, गावात फिरा.

इशारा गावानुसार नसून विभागानुसार असतो. आउरोन्झोची बाजू व्हेनेतोच्या 'आल्तो पियावे' विभागात येते, उत्तरेची बाजू बोल्झानो प्रांतात, म्हणजे मघाच्या दक्षिण टायरोलमध्ये, त्यांचं पत्रक वेगळं. तुमची वाट दोन्हींतून जाते, म्हणून दोन्ही बघा आणि वाईट असेल ते धरा.

कागद पारखून घ्या

संकटात ११२. वाटांच्या मोक्याच्या जागी पाटीवर त्या जागेचं नाव आणि उंची लिहिलेली असते. प्रत्येकाने प्रत्येक पाटीचा फोटो काढत जायचा, म्हणजे फोनवर इटालियन येत नसलं तरी शेवटच्या पाटीवरचं नाव, आकडा आणि वाटेचा नंबर सांगता येतो. 'आयूतो' म्हणजे मदत, 'फेरीतो' म्हणजे जखमी. एवढे दोन शब्द पाठ करून घ्या.

छापण्याआधी गटातल्या अशा दोघांना कागद द्या ज्यांनी तो आधी पाहिलेला नाही. अर्थ विचारू नका, अर्थ सगळेच बरोबर सांगतात. 'ही पाटी दिसली तर तुम्ही काय कराल?' असं प्रत्येक ओळीला विचारा. गेल्या वर्षी मी एका नाशिकच्या आजोबांना 'फीनो आ रेव्होका' समोरचं 'आदेश मागे घेईपर्यंत बंद' दाखवलं. ते म्हणाले, 'मग कुणीतरी येईल ना मागे घ्यायला, थांबतो तोवर.' त्या ओळीत आता 'आज उघडणार नाही, मागे फिरा' असं आहे.